९६/२४ च्या मास्टरवरून ४४.१/१६ ची फाइल: आधी रेट, मग लेव्हल, सगळ्यात शेवटी डिथर

सेशन ९६ किलोहर्ट्झचं आहे. मास्टर ट्रॅकवर शेवटच्या स्लॉटमध्ये लिमिटर बसवलाय आणि त्यातलं १६ बिटचं डिथर, म्हणजे बिट कमी करताना मुद्दाम मिसळायचा बारीक आवाज, चालू आहे. एक्सपोर्टच्या खिडकीत ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिट निवडलं, बटण दाबलं, फाइल तयार. कुठलीही सूचना येत नाही आणि गाणंही ठीक वाजतं. तरीही या फाइलमधलं डिथर चुकीच्या जागी पडलेलं असतं. मोठ्या आवाजाच्या भागात ते कळत नाही. गाणं विरत जातं, शेवटच्या सुराची रिव्हर्ब खाली उतरते, तिथे आवाज खरखरीत होतो आणि मग शांतपणे विरण्याऐवजी तुटतो.

कारण अगदी साधं आहे. एक्सपोर्टच्या खिडकीत निवडलेलं रेटचं रूपांतर सगळ्या प्लगइननंतर होतं. म्हणजे आधी १६ बिटचं डिथर झालं आणि त्यानंतर सॅम्पल रेट बदलला. हा क्रम उलटा का हवा आणि प्रत्येक पायरीवर नेमकं काय घडतं, हे ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटच्या एका मास्टरवरून सीडीसाठीची ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिटची फाइल काढत पाहू. हत्यार म्हणून सॉक्स हा कमांडने चालणारा मोफत प्रोग्रॅम घेतलाय, कारण त्यात कुठली क्रिया कधी होते ते लिहिलेलं दिसतं. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये बटणं वेगळी असतील, क्रम मात्र हाच राहील.

रेट बदलताना काय होतं

९६,००० आणि ४४,१०० यांचं गुणोत्तर ३२० ला १४७ असं येतं. ४४.१ हा आडनिडा आकडा व्हिडिओ टेपवर डिजिटल आवाज साठवण्याच्या काळातला आहे: एका ओळीत ३ सॅम्पल, एका फील्डमध्ये २४५ ओळी, सेकंदाला ६० फील्ड, गुणाकार ४४,१००. त्याचा परिणाम आजही भोगावा लागतो. मूळ फाइलमधल्या दर ३२० सॅम्पलच्या जागी नवीन फाइलमध्ये १४७ सॅम्पल येतात आणि त्या १४७ पैकी फक्त एकच जुन्या सॅम्पलच्या नेमक्या जागेवर पडतं. बाकी १४६ ठिकाणी लहरीची उंची किती होती ते आजूबाजूच्या अनेक सॅम्पलवरून मोजून काढावं लागतं. म्हणून रूपांतरानंतरचा जवळजवळ प्रत्येक आकडा हा नव्याने केलेल्या गुणाकारांचा आणि बेरजांचा निकाल असतो, आणि त्याला दशांशचिन्हापुढे लांबच लांब शेपूट असतं. हे शेपूट लक्षात ठेवा, डिथरचा सगळा प्रश्न त्याच्याशी जोडलेला आहे.

दुसरं काम गाळण्याचं. ९६ च्या फाइलमध्ये ४८ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज मावतो, ४४.१ च्या फाइलमध्ये २२.०५ पर्यंतचाच. वरचा भाग आधी गाळला नाही, तर तो नाहीसा होत नाही, दुमडून खाली येतो. ३० किलोहर्ट्झवर स्विचिंग पॉवर सप्लायची शिट्टी मास्टरमध्ये असेल, तर ती आज कुणालाच ऐकू येत नाही. फिल्टर कच्चा असेल तर तीच शिट्टी ४४.१ वजा ३० म्हणजे १४.१ किलोहर्ट्झवर येऊन बसते, आणि ती ऐकू येते. तिचा गाण्याच्या सुरांशी काहीच संबंध नसल्याने ती थोडी असली तरी खुपते. हेच एलियासिंग.

फिल्टरपुढची अडचण अशी की ऐकू येणारं सगळं, म्हणजे २० किलोहर्ट्झपर्यंतचं, जसंच्या तसं जाऊ द्यायचं आणि २२.०५ पासून सगळं बंद करायचं. मधे जागा फक्त २.०५ किलोहर्ट्झची. इतक्या कमी जागेत उतार हवा तर फिल्टर लांब लागतो, म्हणजे एकेका सॅम्पलसाठी बरेच शेजारी बघावे लागतात. गणित वाचवण्यासाठी काही कन्व्हर्टर २२.०५ च्या थोडं पलीकडेपर्यंत उतार चालू ठेवतात आणि २० ते २२.०५ च्या पट्ट्यात दुमडलेला आवाज येऊ देतात. तो भाग बहुतेकांना ऐकू येत नाही, म्हणून ही तडजोड चालून जाते. पण फाइल एकदाच काढायची असते आणि घाई नसते, तेव्हा ती करायचं काही कारण नाही.

आपला कन्व्हर्टर कसा आहे ते पाच मिनिटांत तपासता येतं. २० हर्ट्झपासून ४७ किलोहर्ट्झपर्यंत एकसारखा चढत जाणारा दहा सेकंदांचा सूर तयार करा, तो ४४.१ वर आणा आणि त्याचं स्पेक्ट्रोग्रॅम काढा:

```
sox -r 96000 -n -b 24 sweep.wav synth 10 sine 20:47000 gain -6
sox sweep.wav -b 24 out.wav rate -v 44100
sox out.wav -n spectrogram -o out.png
```

मधल्या ओळीच्या जागी तुमच्या नेहमीच्या सॉफ्टवेअरमधून एक्सपोर्ट केलेली फाइल ठेवलीत, तर ती त्या सॉफ्टवेअरची परीक्षा होईल. चित्रात एक सरळ तिरकी रेघ साधारण ४.७ सेकंदांपर्यंत चढत जायला हवी आणि वरच्या कडेजवळ संपायला हवी. त्यानंतर चित्र रिकामं. कडेला आपटून रेघ पुन्हा खाली उतरताना दिसली, तर ते दुमडलेलं प्रतिबिंब आहे. पुसट रेघ असेल तर ती किती खाली आहे ते रंगांच्या पट्टीवरून वाचा. उणे १२० डेसिबलच्या खाली असेल तर विसरून जा. उणे ६० च्या आसपास असेल तर तो कन्व्हर्टर मास्टरसाठी वापरू नका.

८८.२ वरून ४४.१ हे नेमकं निम्मं होतं, म्हणून ८८.२ वर काम केलेलं बरं, हा जुना सल्ला अजून फिरतो. गणना महाग होती तेव्हा त्यात तथ्य होतं. चांगल्या कन्व्हर्टरला ३२० ला १४७ हे गुणोत्तर दोनास एक इतकंच साधतं, आणि गाळण्याची अडचण दोन्हीकडे सारखीच असते. लिनिअर फेज की मिनिमम फेज, हा वादही इथे फार ताणू नये. लिनिअर फेज फिल्टर आघाताच्या आधी आणि नंतर थोडा थरथरतो, पण ती थरथर २२ किलोहर्ट्झच्या आसपासची असते. लिनिअर फेज ठेवा आणि पुढे चला.

आधी लेव्हल सांभाळा

रेट बदलल्यावर शिखरं हलतात, आणि बऱ्याच फाइली इथेच बिघडतात. लिमिटरने ९६ वर सगळी सॅम्पल उणे ०.३ डेसिबलच्या आत ठेवलेली असतात. पण सॅम्पल म्हणजे लहरीवर ठराविक अंतराने टेकवलेले बिंदू. खरं शिखर दोन बिंदूंच्या मधे आणि त्यांच्याहून उंच असू शकतं. सॅम्पल रेटच्या एक चतुर्थांश वारंवारतेचा सूर घेतला आणि बिंदू शिखराच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर पडले, तर खरं शिखर बिंदूंहून ३ डेसिबलने उंच असतं. नव्या रेटवर बिंदू नव्या जागी पडतात, त्यातला एखादा नेमका शिखरावर जातो. शिवाय फिल्टरने २२ च्या वरचा भाग काढून घेतला की लहरीचा आकार बदलतो. जोरात दाबलेल्या मास्टरमध्ये वरचा भाग शिखरं सपाट ठेवायला मदत करत असतो. तो निघाला की शिखर थोडं वर येतं.

म्हणून रूपांतर केल्यावर शिखर कुठे जाईल हे आधी मोजायचं. मोजताना सॉक्समध्ये ६ डेसिबल खाली उतरून मोजा, कारण हा प्रोग्रॅम आत ३२ बिटच्या पूर्णांकात काम करतो आणि शून्याच्या वर गेलेलं कापून टाकतो:

```
sox master.wav -n gain -6 rate -v 44100 rate -v 176400 stats
```

यात फाइल आधी ४४.१ वर आणली आणि मग बिंदूंमधली शिखरं दिसावीत म्हणून चौपट रेटवर नेली. निकालातल्या `Pk lev dB` या ओळीत ६ मिळवा. समजा तिथे उणे ५.६ आलं, म्हणजे खरं शिखर अधिक ०.४ डेसिबलवर आहे. मास्टरमध्ये सगळं उणे ०.३ च्या आत होतं, तरी ४४.१ वर शिखर शून्याच्या वर जाणार. शिखर उणे १ डेसिबलवर हवं असेल तर १.४ डेसिबल खाली यावं लागेल. उणे १ हा आकडा युरोपच्या प्रसारणसंस्थांच्या आर १२८ शिफारशीतही खऱ्या शिखराची मर्यादा म्हणून आहे. सीडीसाठी तसा नियम नाही, पण पुढे कुणी याच फाइलवरून एमपी३ काढली तर ही जागा उपयोगी पडते.

अल्बम असेल तर सगळ्या गाण्यांचं मोजमाप घ्या, सर्वात उंच शिखर ज्या गाण्यात असेल त्याला लागणारी घट सगळ्यांना सारखीच लावा. प्रत्येक गाणं वेगळं उतरवलं तर मास्टरिंगमध्ये जमवलेला गाण्यागाण्यांमधला तोल जातो.

आता पहिली फाइल काढू. ती ४४.१ वर आहे, पण अजून २४ बिटची:

```
sox master.wav -b 24 mid.wav gain -1.4 rate -v 44100
```

`rate -v` म्हणजे सॉक्समधली सर्वात वरची गुणवत्ता. त्याचा फिल्टर नव्या मर्यादेच्या ९५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे साधारण २०.९ किलोहर्ट्झपर्यंत, आवाज जाऊ देतो. चालवताना `clipped` हा शब्द असलेला इशारा आला तर घट कमी पडली असं समजा आणि पुन्हा मोजा. मास्टर ३२ बिट फ्लोटचा असेल आणि त्यातली शिखरं शून्याच्या वर असतील, तर सॉक्स ती वाचतानाच कापतो. तसल्या मास्टरची लेव्हल आधी मूळ सॉफ्टवेअरमध्ये उतरवून घ्यावी.

इथे डिथर लावलेलं नाही आणि २४ बिटवर त्याची फारशी गरजही नाही. २४ बिटच्या डिथरचा आवाज उणे १४० डेसिबलच्याही खाली असतो; कोणत्याही माइक, प्रीअँप किंवा कन्व्हर्टरची स्वतःची सळसळ त्याहून बरीच वर असते. लावलं तरी नुकसान नाही.

१६ बिटवर येताना

२४ बिटमध्ये १,६७,७७,२१६ पायऱ्या असतात, १६ बिटमध्ये ६५,५३६. म्हणजे १६ बिटची एक पायरी २४ बिटच्या २५६ पायऱ्यांएवढी. मधल्या २५५ जागांवर असलेल्या प्रत्येक आकड्याला जवळच्या मोठ्या पायरीवर बसवावं लागतं. बसवताना होणारी चूक आवाजाच्या आकारावर अवलंबून राहिली, तर ती सळसळ म्हणून ऐकू येत नाही, विकृती म्हणून ऐकू येते.

हे अगदी कमी आवाजावर स्पष्ट दिसतं. १६ बिटमध्ये एक पायरी उणे ९०.३ डेसिबलवर येते. एखाद्या सुराचं शिखर ०.४ पायरीएवढं, म्हणजे उणे ९८.३ डेसिबलवर असेल, तर त्याचा प्रत्येक बिंदू अर्ध्या पायरीच्या आत आहे. सगळे शून्यावर बसतात आणि सूर पूर्ण नाहीसा होतो. तोच सूर ०.६ पायरीचा असेल तर त्याची टोकं एकदम एक पायरी उडी मारतात, मधला भाग शून्यावर राहतो. आत गेला होता गोल सूर, बाहेर आला तीन पायऱ्यांचा चौकोनी आकार, आणि त्याच्याबरोबर मूळ आवाजात नसलेले तिप्पट, पाचपट वारंवारतेचे सूर. विरत जाणारी रिव्हर्ब या टप्प्यातून जाते तेव्हा आधी खरखरते आणि अर्ध्या पायरीखाली गेली की गप्प होते.

डिथर म्हणजे पायरीवर बसवण्याच्या आधी त्या आकड्यात मिसळलेला नेमक्या मापाचा यदृच्छ आवाज. साधं आणि बरोबर माप असं: उणे एक ते अधिक एक पायरी या पट्ट्यात, शून्याजवळचे आकडे जास्त वेळा आणि टोकाचे क्वचित, म्हणजे त्रिकोणी वाटप. सॉफ्टवेअरमध्ये याला टीपीडीएफ म्हणतात. एक उदाहरण पूर्ण करून पाहू. २४ बिटवरचा आकडा १६ बिटच्या मोजपट्टीवर १००.३ आहे. डिथर नसेल तर तो दर वेळी १०० होतो, ०.३ कायमचं गेलं. त्रिकोणी डिथर मिसळून बसवला तर शंभरातल्या सरासरी ६६ वेळा १०० येतो, ३२ वेळा १०१ आणि २ वेळा ९९. सरासरी काढा: १००.३. एका सॅम्पलमध्ये ०.३ कुठेच नाही, पण सॅम्पलांच्या ओळीत तो टिकून आहे. कानही एकच सॅम्पल ऐकत नाही. म्हणून ०.४ पायरीचा सूर डिथरनंतर सळसळीच्या आतून ऐकू येतो, तोही वाकडा न होता. पायरीपेक्षा लहान आवाज १६ बिटमध्ये मावतो, हे वॉटरलू विद्यापीठातल्या जॉन व्हँडरकोय आणि स्टॅन्ली लिपशित्झ यांनी १९८४ मध्ये सविस्तर मांडलं.

यदृच्छ आकडे त्रिकोणीच का हवेत, सपाट वाटप का चालत नाही? एका पायरीएवढं रुंद सपाट डिथर सरासरी बरोबर राखतं, पण आकडा नेमका १०० असेल तेव्हा ते दर वेळी १०० च देतं, सळसळ शून्य. आकडा १००.५ असेल तेव्हा अर्धे वेळा १०० आणि अर्धे वेळा १०१ देतं, सळसळ पूर्ण. म्हणजे पार्श्वभूमीची सळसळ गाण्याबरोबर वरखाली होते, आणि शांत भागात ते कानाला जाणवतं. त्रिकोणी डिथरमध्ये १००.० वर आणि १००.३ वर सळसळीची ताकद अगदी सारखी निघते. आवाज काहीही असो, सळसळ स्थिर. त्याची किंमत म्हणजे डिथर नसलेल्या फाइलपेक्षा सळसळ ४.८ डेसिबलने जास्त. पूर्ण क्षमतेच्या सुराच्या तुलनेत ती उणे ९३.३ डेसिबलवर येते. ही किंमत बिनतक्रार द्यावी. स्थिर सळसळ संगीताच्या मागे लपते, विकृती संगीताला चिकटून राहते.

```
sox mid.wav -b 16 cd.wav dither
```

सॉक्समध्ये नुसतं `dither` म्हणजे त्रिकोणीच. खरं तर २४ वरून १६ वर येताना तो ते आपणहून लावतो. आपण लिहिलं म्हणजे काय झालं ते कमांडमध्येच दिसतं. एफएफएमपेगमध्ये उलट आहे: तिथे न सांगितल्यास डिथर होत नाही.

`dither -s` लिहिलं तर नॉइज शेपिंग होतं. त्यात सळसळ कानाला जास्त जाणवणाऱ्या २ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यातून काढून १५ च्या वर ढकलली जाते. एकूण सळसळ वाढते, पण ऐकू येणारी कमी होते. खूप शांत जागा असलेल्या ध्वनिमुद्रणाला, एकट्या सतारीला किंवा पियानोला, याचा खरा फायदा आहे. सतत भरून वाजणाऱ्या गाण्याला साधं त्रिकोणी डिथर पुरतं, आणि मीही तेच सुचवेन, कारण शेपिंग केलेल्या फाइलवर नंतर कुणी हात लावला तर ती जास्त बिघडते.

आता सुरुवातीची चूक

आधी १६ बिटचं डिथर, मग रेट: यात नेमकं काय बिघडलं ते आता सांगता येतं. ९६ वर डिथर झाल्यावर सगळे आकडे १६ बिटच्या पायऱ्यांवर छान बसले. मग रेट बदलताना जवळजवळ प्रत्येक आकडा नव्याने मोजला गेला आणि पुन्हा शेपूट लागलं. ते कापायला पुन्हा १६ बिटवर बसवावं लागलं. या दुसऱ्या वेळेला एक्सपोर्टने डिथर लावलं असेल तर फक्त सळसळ वाढली, फार बिघडलं नाही. लावलं नसेल तर पहिल्या डिथरची उरलेली सळसळच आधाराला असते. ती पुरते का? ९६ वर ती ० ते ४८ किलोहर्ट्झमध्ये सारखी पसरलेली होती. फिल्टरने २२ च्या वरचा भाग काढला, तेव्हा तिची निम्म्याहून अधिक ताकद गेली. अर्ध्या पायरीची सळसळ सुमारे एक तृतीयांश पायरीवर आली, जी कमी पडते. लिमिटरमध्ये नॉइज शेपिंग चालू असेल तर अवस्था आणखी वाईट. त्याने सळसळ मुद्दाम वरच्या पट्ट्यात नेऊन ठेवलेली असते आणि नेमका तोच पट्टा फिल्टर कापून टाकतो. जवळजवळ काहीच उरत नाही, आणि रूपांतरानंतरची फाइल डिथर नसल्यासारखी वागते.

उपाय दोन आहेत. लिमिटरमधलं डिथर बंद करून, रेट बदलूनच २४ किंवा ३२ बिट फ्लोटची फाइल काढा आणि ती ४४.१ च्या नव्या सेशनमध्ये घेऊन तिथे शेवटी डिथर लावा. किंवा, एक्सपोर्टच्या खिडकीत डिथरची वेगळी सोय असेल तर प्लगइनमधलं बंद आणि खिडकीतलं चालू ठेवा.

डिथरनंतर फेडर हलवणं, फेड-आउट देणं, नॉर्मलाइज करणं हे सगळं याच चुकीचे प्रकार आहेत. ०.१ डेसिबलचा बदल हाही गुणाकारच, आणि गुणाकार झाला की शेपूट आलं. मास्टर फेडर प्लगइनच्या आधी लागतो की नंतर, हे सॉफ्टवेअरप्रमाणे बदलतं. नंतर लागत असेल आणि तो शून्यावर नसेल, तर लिमिटरमधलं डिथर तिथेच वाया गेलं.

फाइल बरोबर निघाली का

`mid.wav` आणि `cd.wav` या दोन्ही ४४.१ वर आहेत, लेव्हल सारखी आहे, फरक फक्त बिटचा. एक उलटी करून दुसरीत मिसळली की उरतं ते फक्त पायरीवर बसवताना पडलेलं अंतर:

```
sox -m -v 1 mid.wav -v -1 cd.wav -n stats
```

`RMS lev dB` साधारण उणे ९६.३ असायला हवं आणि `DC offset` शून्य. त्रिकोणी डिथरची सळसळ अर्ध्या पायरीची असते, त्यावरून हा आकडा येतो. (वर दिलेले उणे ९३.३ हे पूर्ण क्षमतेच्या सुराशी तुलना करून होते, तिथे ३ डेसिबलचा फरक मोजण्याच्या पद्धतीचा आहे.) डिथर न लावता जवळच्या पायरीवर बसवलं असेल तर उणे १०१ च्या आसपास येतं. कमी आकडा म्हणजे चांगली फाइल असा समज करून घेऊ नका. खालचे आठ बिट नुसते कापून टाकले असतील तर सुमारे उणे ९५ येतं. हे बरोबरच्या आकड्याजवळच आहे, म्हणून फसगत होते. पण तेव्हा `DC offset` मध्ये ०.००००१५ दिसतं, कारण कापताना प्रत्येक आकडा एकाच दिशेने सरकतो. नॉइज शेपिंग असेल तर एकूण पातळी बरीच वर जाते, ते अपेक्षितच आहे.

आकड्यांपेक्षा कान लवकर सांगतो. हाच फरक ६० डेसिबल वाढवून ऐका:

```
sox -m -v 1 mid.wav -v -1 cd.wav -b 24 diff.wav gain 60
```

गाण्याच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकसारखी सळसळ ऐकू आली पाहिजे, तिच्यावरून गाणं कुठे आहे ते ओळखता येता कामा नये. शांत जागी किंवा फेड-आउटमध्ये सुरांची तुटकी, गुरगुरती सावली ऐकू आली, तर डिथर झालेलं नाही किंवा त्यानंतर काहीतरी झालंय. तुलनेसाठी डिथर मुद्दाम बंद ठेवून, `sox -D mid.wav -b 16 test.wav` अशी एक फाइल काढा आणि तिचा फरक ऐका. एकदा ऐकला की तो पुन्हा ओळखता येतो.

गाणी एकमेकांत मिसळत जाणारा अल्बम किंवा मैफलीचं मुद्रण असेल, तर तुकडे पाडून रूपांतर करू नका. फिल्टरला प्रत्येक सॅम्पलसाठी दोन्ही बाजूंचे शेजारी लागतात, तुकड्याच्या कडेला त्याला एका बाजूला शांतता मिळते आणि जोडाच्या जागी बारीक टिक ऐकू येते. आख्खी बाजू सलग ४४.१ वर आणा, डिथर लावा आणि मग कापा. नुसतं कापण्याने आकडे बदलत नाहीत, म्हणून हे डिथरनंतर चालतं. सीडीवर कापण्याची जागा ५८८ सॅम्पलच्या पटीत पडावी, कारण सीडीची एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा पंचाहत्तरावा भाग.

१६ बिटची फाइल फक्त जिथे १६ बिटच मागितले आहेत तिथेच जावी. एएसी किंवा एमपी३ काढायची असेल तर ती `mid.wav` वरून काढा; एन्कोडर आत फ्लोटमध्ये काम करतो, त्याला आधीच मिसळलेली सळसळ देऊन उपयोग नाही, आणि शेपिंगची वरच्या पट्ट्यातली सळसळ दिली तर तो तिच्यावर बिट खर्च करतो. व्हिडिओसाठी ४८ किलोहर्ट्झ हवं असेल तर ते ४४.१ वरून न काढता पुन्हा ९६ च्या मास्टरवरून काढा: शिखर ४८ वर नव्याने मोजायचं, फाइल २४ बिटची ठेवायची, आणि तिथे १६ बिट मागितले असतील तरच शेवटी डिथर.